स्कूल बस, व्हॅन की रिक्षा: मुलांच्या शाळेच्या गाडीचा वर्षभराचा हिशेब कसा मांडायचा

आमच्या सोसायटीत दरवर्षी मे महिन्यात एकच प्रश्न फिरतो: "तुमचे काका महिन्याला किती घेतात?" उत्तर आलं की दोन-तीन आकडे शेजारी मांडायचे, सगळ्यात कमी असेल त्याला होकार द्यायचा, आणि ऑगस्टमध्ये गाडी बदलायची. मीही एक वर्ष असंच केलं. मुलगी पहिलीत होती. रिक्षा सर्वांत स्वस्त होती आणि काका सज्जन होते. जूनमध्ये रिक्षात चार मुलं होती, जुलैत पाचवं आलं. एका सकाळी मी बाल्कनीतून पाहिलं तर माझी मुलगी पुढे, काकांच्या डाव्या हाताला अर्ध्या बुडावर बसली होती. रिक्षाचा गिअर डाव्या मुठीत असतो. काकांनी गिअर टाकला की त्यांचं कोपर तिच्या दप्तराला लागत होतं आणि ती तेवढ्यापुरती बाहेरच्या बाजूला सरकत होती.

दुसऱ्या वर्षी मी सगळं उलट्या क्रमाने केलं. आधी गाळणी लावली, मग वेळ पाहिला आणि पैसे सगळ्यात शेवटी. तोच क्रम इथे देते. उदाहरण आमचंच आहे: पुण्यात घर धायरी फाट्याजवळ, शाळा कर्वेनगरला, अंतर साधारण सहा किलोमीटर, मुलगी दुसरीत, शाळा सव्वानऊ ते पावणेतीन. दर मला मिळालेले आहेत. तुमच्या भागात ते वेगळे असतील, पण मांडणी हीच चालेल.

## तयारी: मार्चमध्ये सुरुवात करा

सगळ्यात मोठी चूक वेळेची होते. मेमध्ये चौकशी केली तर फक्त बोलणं ऐकायला मिळतं, कारण शाळा बंद असते आणि गाड्या धावत नसतात. गाडीत खरंच किती मुलं बसतात, ती किती वाजता निघते, उतरवताना मुलाचा हात कोण धरतं, हे शाळा चालू असतानाच दिसतं. म्हणून वार्षिक परीक्षेच्या आधीचे दोन आठवडे यासाठी राखून ठेवा. मूल नव्या शाळेत जाणार असेल तरी त्या शाळेच्या फाटकावर मार्चमध्येच जाऊन उभं राहा.

एका वहीत तीन गोष्टी लिहून घ्या.

पहिली म्हणजे शाळेचे दिवस. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 कामाचे दिवस धरले आहेत. तुमच्या शाळेचा खरा आकडा तिच्या वार्षिक वेळापत्रकातून मोजा. आमचे 214 निघाले. त्यातल्या 10 दिवशी परीक्षेमुळे शाळा लवकर सुटणार होती. ही 10 दिवसांची नोंद पुढे फार उपयोगी पडते.

दुसरी म्हणजे सुटायच्या वेळी घरी कोण असतं. आमच्याकडे आजी. त्यांचे गुडघे दुखतात, मोठा रस्ता ओलांडायचा म्हटलं की त्या घाबरतात.

तिसरी म्हणजे शाळेची वेळ वर्षभर तीच राहणार आहे का. राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. ज्या शाळांनी तो पाळला, तिथे बऱ्याचदा तीच बस आधी मोठ्या मुलांना सोडते आणि मग लहानांच्या फेरीला येते. म्हणजे लहानांची बस ही दुसरी फेरी असते आणि पहिलीला झालेला उशीर तिच्या वाट्याला येतो. मूल पाचवीत जाणार असेल तर वेळच बदलते, तेव्हा गेल्या वर्षीची तुलना जशीच्या तशी वापरू नका.

## टप्पा 1: गाळणी

या टप्प्यावर पैशाचा विषय काढायचाच नाही. दर कानावर पडला की डोळे आपोआप सैल होतात, हे मी स्वतःवरून सांगते.

नंबर प्लेट. भाडं घेऊन प्रवासी नेणाऱ्या गाडीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात. इलेक्ट्रिक असेल तर हिरव्या प्लेटवर पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची व्हॅन ही खासगी गाडी आहे. ती महिन्याच्या पैशांवर मुलं नेत असेल तर परवान्याशिवाय धंदा चालू आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमक्या याच मुद्द्यावर हात वर करू शकते. मी दोन व्हॅन पाहिल्या, त्यातली एक इथेच गळाली. त्या काकांचं चालवणं चांगलं होतं, मुलांशी बोलणंही प्रेमाचं होतं. तरी नाही.

कागद. गाडीचा नंबर लिहून घ्या आणि mParivahan या अ‍ॅपमध्ये टाका. फिटनेस, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहेत ते दिसतं. नुसतं "चालू आहे" एवढं पाहून थांबू नका, संपायची तारीख वहीत उतरवा. आपली तुलना वर्षाची आहे. विमा ऑक्टोबरात संपत असेल तर ऑक्टोबरात पुन्हा पाहावं लागेल.

डोकी. हे शाळा सुटताना मोजायचं, भरताना नाही. सकाळी गाडी दोन खेपांत मुलं आणते, त्यामुळे ती रिकामी दिसते. दुपारी सगळी एकदम बसतात. फाटकापासून थोडं लांब उभं राहा, तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि त्यातला मोठा आकडा धरा.

रिक्षाचा परवाना चालक सोडून तीन प्रवाशांचा असतो. "लहान मुलं दीडपट चालतात" असं रिक्षाकाका सांगतात. ते मान्य केलं तरी तिनाची दीडपट साडेचारच होते, सहा नव्हे. चालकाच्या शेजारी एकही मूल असेल तर ती रिक्षा बाद. मागच्या सीटसमोर आडवी फळी टाकून मुलं समोरासमोर बसवली असतील तरी बाद, कारण ब्रेक लागला की फळीवरचं मूल कशालाही धरू शकत नाही. दप्तरं बाहेर लटकत असतील तर उजव्या बाजूला दांडा किंवा जाळी आहे का, हेही बघा.

व्हॅनमध्ये मागची डिकी उघडायला सांगा. सीएनजीची टाकी तिथे असते. काही व्हॅनमध्ये त्या टाकीवरच गादी टाकून दोन-तीन मुलांची जागा केलेली असते. ती जागा आरसीवरच्या आसनसंख्येत धरलेली नसते आणि तिला दारही नसतं. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी व्हावी लागते. तिचा दाखला मागा. काकांनी "आणून दाखवतो" म्हणून दोन आठवडे लावले तर उत्तर मिळालं असं समजा.

स्कूल बसला राज्यात 2011 चे स्वतंत्र नियम आहेत. पिवळा रंग, वेगनियंत्रक, आपत्कालीन दार, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, आणि मुली असतील तर महिला मदतनीस. पण बस पिवळी आहे म्हणून सगळं आलं असं धरू नका. बहुतेक शाळांची बस कंत्राटदाराची असते आणि मावशी कागदावर असूनही रोज गाडीत नसतात. तीन दिवस मुलं मोजता तेव्हा मावशीही मोजा.

> थांबा आणि तपासा: आतापर्यंत जी गाडी गळली ती परत यादीत घ्यायची नाही, पुढे दर कितीही कमी सांगितला तरी. एकही गाडी उरली नसेल तर शाळेच्या परिवहन समितीकडे जा. मुख्याध्यापक तिचे प्रमुख असतात आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो.

आमच्या यादीत एक बस आणि एक व्हॅन उरली. रिक्षा पाच मुलांची होती, म्हणून गळली. मी काकांना विचारलं, फक्त तीन मुलं घेऊन जाल का? ते म्हणाले, "नेतो ताई, पण मग पैसे तिघांत बसवा." हे वाक्य लक्षात ठेवा, टप्पा 3 मध्ये ते परत येईल.

## टप्पा 2: दारापासून दारापर्यंतचा वेळ

"अर्ध्या तासात पोचतो" हे गाडीच्या प्रवासाचं उत्तर असतं. तुमच्या मुलाचा प्रवास घराचं दार ओलांडल्यापासून वर्गात पाय ठेवेपर्यंत असतो. दोन प्रश्न विचारा: "चढण्यात माझ्या मुलाचा नंबर कितवा? उतरण्यात कितवा?" सकाळी पहिला नंबर असेल तर मूल गाडीतून सगळा परिसर फिरून शाळेत जातं. दुपारी क्रम उलटा असेल तर तेच मूल शेवटी उतरतं, म्हणजे दोन्ही वेळा सगळ्यात लांबचा प्रवास त्याच्याच वाट्याला येतो. काही गाड्या दोन्ही वेळा एकाच दिशेने फिरतात, मग एका वेळचा तोटा दुसऱ्या वेळी भरून निघतो.

यानंतर एक सकाळ आणि एक दुपार दुचाकीवरून त्या गाडीच्या मागे जा. सोमवारी गेलात तर उत्तम, त्या दिवशी रस्त्यावर गर्दी जास्त असते. मला हे दिसलं:

- बस: स्टॉपवर 8:15, शाळेत 9:00. दुपारी सगळी मुलं बसून 3:00 ला निघते, आमच्या स्टॉपवर 3:40.
- व्हॅन: दारात 8:25, शाळेत 9:00. दुपारी 3:05 ला निघते, दारात 3:35.
- रिक्षा, तीन मुलं धरून: दारात 8:35, शाळेत 9:00. दुपारी 2:50 ला निघते, दारात 3:15.

आता व्हॅनची ओळ पुन्हा वाचा. शाळा पावणेतीनला सुटते आणि व्हॅन तीन वाजून पाच मिनिटांनी निघते. मधली वीस मिनिटं कुठे गेली? व्हॅन आधी दुसऱ्या शाळेची मुलं घेऊन मग आमच्या शाळेवर येत होती. तोवर सात-आठ मुलं फाटकाबाहेर उसाच्या गाड्याजवळ उभी होती. वॉचमनच्या दृष्टीने ती शाळेतून बाहेर पडलेली होती आणि व्हॅनकाकांच्या दृष्टीने अजून गाडीत चढलेली नव्हती. त्या वीस मिनिटांत ती कुणाच्याच हातात नव्हती. गाडीत बसून घालवलेली वीस मिनिटं आणि रस्त्यावर उभं राहून घालवलेली वीस मिनिटं वहीत वेगळी लिहा.

पावसाळ्यासाठी सिंहगड रोडसारख्या रस्त्यावर प्रत्येक फेरीला पंधरा-वीस मिनिटं जास्त धरा, गाडी कुठलीही असो. आणि एक प्रश्न तिघांनाही विचारा. 25 जुलै 2024 ला मुठेचं पाणी एकता नगरीत शिरलं, तसा दिवस उगवला आणि मुलं आधीच गाडीत असली तर तुम्ही काय करता? बसच्या कंत्राटदाराने सांगितलं की मुलं शाळेतच ठेवतो आणि मावशी थांबतात. व्हॅनकाका म्हणाले, तुम्हाला फोन करतो. रिक्षाकाका म्हणाले, जवळच्या मुलाच्या घरी सगळ्यांना नेतो. तिन्ही उत्तरं चालण्यासारखी आहेत. ज्याच्याकडे उत्तरच नाही, तिथे जरा थांबा.

> सावधान: बसचा स्टॉप घराच्या बाजूला आहे की रस्त्यापलीकडे, हे सकाळ आणि दुपार दोन्ही वेळचं विचारा. सकाळी अलीकडे चढलेलं मूल दुपारी बहुतेक वेळा पलीकडे उतरतं.

## टप्पा 3: वर्षाचा खरा खर्च

महिन्याचा दर गुणिले दहा म्हणजे वर्षाचा खर्च, असा हिशेब सर्रास केला जातो आणि तो जवळजवळ नेहमीच चुकतो. त्यात तीन गोष्टी राहून जातात.

एक, पैसे किती महिन्यांचे? आमच्या बसने 11 महिन्यांचे सांगितले. व्हॅनने 12, कारण "मेमध्येही गाडीचा हप्ता असतो." रिक्षाने 10. तिघांचा महिन्याचा दर सारखा असता तरी वर्षाला दोन महिन्यांचा फरक पडला असता.

दोन, मधली वाढ. सीएनजी महागला की रिक्षा-व्हॅनवाले दिवाळीनंतर शे-दोनशे वाढवतात. "गेल्या वर्षी मधेच वाढवले होते का?" हे काकांना न विचारता त्यांच्या जुन्या पालकांना विचारा.

तीन, आणि हेच सगळ्यात जास्त विसरलं जातं, गाडी न आलेले दिवस. त्या दिवशी मूल शाळेत जातंच, फक्त खर्च तुमच्या खिशातून होतो. पुण्यात सप्टेंबर 2022 पासूनच्या मीटरच्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला 25 आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये पडतात. सहा किलोमीटरला 25 अधिक साडेचार गुणिले 17, म्हणजे सुमारे 102 रुपये. सोडायला जाऊन परत यायचं, आणायला जाऊन परत यायचं, अशा चार फेऱ्या. मी पूर्ण दिवसाला 400 धरले आणि एकाच वेळची गाडी चुकली तर 200. स्वतःची स्कूटर वापरलीत तर पेट्रोलचा खर्च कमी होईल, पण अर्ध्या दिवसाची रजा जाईल. ती ज्याची त्याने लावून घ्यावी.

न आलेले दिवस मोजायची एक युक्ती आहे. जुन्या पालकांना "किती दिवस गाडी आली नाही?" असं विचारलं की "फारसे नाही" हेच उत्तर मिळतं. त्याऐवजी प्रसंग विचारा. गणपतीत काका गावाला गेले होते का? मोठ्या पावसात किती दिवस? लग्नसराईत? पासिंगला गाडी किती दिवस बंद होती? परीक्षेला लवकर सुटल्यावर गाडी आली का? असं विचारल्यावर त्याच पालकांच्या "फारसे नाही"मधून चौदा दिवस निघाले. निदान तीन पालकांना विचारा आणि मधला आकडा धरा.

आमचा हिशेब असा झाला.

बस. 2,400 रुपये गुणिले 11, म्हणजे 26,400. पूर्ण चुकलेले 3 दिवस, त्यांचे 1,200. परीक्षेचे 10 दिवस बस नेहमीच्याच वेळी येणार, म्हणून आणायला आपण जायचं, त्याचे 2,000. एकूण 29,600. भागिले 214, दिवसाला साधारण 138 रुपये.

व्हॅन. 2,000 गुणिले 12, म्हणजे 24,000. पूर्ण चुकलेले 9 दिवस 3,600, अर्धे 4 दिवस 800. एकूण 28,400. दिवसाला 133 रुपये.

पाच मुलांची रिक्षा. ही आपण गाळली आहे, तरी हिशेब मुद्दाम दाखवते. 1,700 गुणिले 10, म्हणजे 17,000. नोव्हेंबर ते मार्च महिन्याला 200 वाढ, त्याचे 1,000. पूर्ण चुकलेले 14 दिवस 5,600, अर्धे 5 दिवस 1,000. एकूण 24,600. दिवसाला 115 रुपये.

नुसत्या दरांवर पाहिलं तर बस आणि रिक्षात वर्षाला 9,400 रुपयांचा फरक दिसत होता. सगळं धरल्यावर तो 5,000 वर आला. बस आणि व्हॅनमधला 2,400 चा फरक 1,200 वर आला.

आता रिक्षाकाकांचं ते वाक्य. पाच मुलांचे 1,700 म्हणजे त्यांना महिन्याला 8,500 मिळत होते. ही त्यांची कमाई आहे आणि ती कमी व्हावी असं मला वाटत नाही. त्यातच त्यांना सीएनजी, हप्ता आणि विमा भागवायचा असतो. तीच रक्कम तिघांत वाटली तर प्रत्येकी सुमारे 2,833 होते. काकांनी 2,800 सांगितले. दहा महिन्यांचे 28,000, न आलेल्या दिवसांचे तेच 6,600, एकूण 34,600. दिवसाला 162 रुपये.

म्हणजे नियमात बसणारी रिक्षा तिघांत सगळ्यात महाग निघाली. रिक्षाची स्वस्ताई चौथ्या आणि पाचव्या मुलाच्या पैशांतून येते. रिक्षा स्वस्त म्हणून घेतली आणि "मुलं जास्त बसवू नका" असंही सांगितलं, तर आपण काकांना न परवडणारी गोष्ट सांगत असतो. ते जूनमध्ये हो म्हणतात आणि जुलैत पाचवं मूल येतं. आमच्या पहिल्या वर्षी नेमकं हेच झालं होतं, फक्त तेव्हा मी हा भागाकार केला नव्हता.

> थांबा आणि तपासा: कोणी सांगितलेला दर बाजारापेक्षा फार कमी असेल तर त्याला गाडीतल्या मुलांच्या संख्येने गुणा. गाडीचा खर्च तेवढ्यात निघत नसेल तर जूननंतर मुलं वाढणार किंवा दर वाढणार.

## टप्पा 4: निवड

इथे आकड्यांचं काम संपतं. ज्या दोन-तीन गाड्या उरल्या त्यांच्यातला फरक दिवसाला पाच-पंचवीस रुपयांचा असेल, तर निवड वेळावर आणि मूल कुणाच्या हातात असतं यावर करा.

तीन मुलांची रिक्षा कुणी घ्यावी? अंतर कमी असेल, मूल लहान असेल, तिन्ही मुलं एकाच इमारतीतली असतील आणि पालकांची एकमेकांशी ओळख असेल, तर ती उत्तम. दोन-तीन किलोमीटरवर तिचा खर्चही बराच खाली येतो. पण रिक्षात काकांशिवाय दुसरं मोठं माणूस नसतं. एका मुलाला दारापर्यंत सोडायला काका उतरले की बाकीची दोन रस्त्याच्या कडेला एकटी असतात. म्हणून तिन्ही घरांनी खाली येऊन मूल घ्यायचं, हे आधीच ठरवावं लागतं.

व्हॅनची बाजू म्हणजे ती दारात येते आणि काका वर्षानुवर्षं तेच असतात. दोन शाळा करणारी व्हॅन मात्र मी लहान मुलासाठी घेणार नाही. सहावी-सातवीच्या मुलासाठी तीच चालून जाईल.

आम्ही बस घेतली. कारण मावशी. तिन्ही दिवस त्या हजर होत्या, वहीतून नावं वाचत होत्या, आणि शेवटचं मूल उतरल्यावर बसच्या शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन बघत होत्या. दुपारच्या बसमध्ये मुलं झोपतात, त्यामुळे हे चालत जाणं फार मोलाचं आहे. अडचण स्टॉपची होती. दुपारी बस रस्त्यापलीकडे थांबायची आणि आजींना ते जमलं नसतं. मी एप्रिलमध्ये परिवहन समितीला अर्ज दिला आणि त्याच बाजूच्या आणखी दोन पालकांच्या सह्या जोडल्या. बस पुढे वळून येतच होती. परतीच्या फेरीत आमच्या बाजूला थांबायचं ठरलं आणि त्यात बसची फक्त चार मिनिटं वाढली. एकटीने जूनमध्ये फोनवर सांगितलं असतं तर "बघू" हेच उत्तर आलं असतं.

## टप्पा 5: लिहून घ्या

लांबलचक करार कुणी करत नाही आणि काकांनाही तो नको असतो. पाच ओळींचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरतो, फक्त समोरून "हो" असं उत्तर यायला हवं. मी पाठवलेला मेसेज हा:

"नमस्कार. जून ते एप्रिल, महिना 2,400, दोन हप्ते. वर्षभर दर बदलणार नाही. दुपारी मूल फक्त आजी, आई किंवा बाबा यांच्याच हातात द्यावं. कोणी आलं नसेल तर मूल बसमध्येच ठेवून फोन करावा. चालक किंवा मावशी बदलणार असतील तर आदल्या दिवशी कळवावं."

व्हॅन किंवा रिक्षासाठी आणखी दोन ओळी घाला: गाडीत जास्तीत जास्त किती मुलं असतील तो आकडा, आणि काका येऊ शकणार नसतील तर बदली कोण येणार त्याचं नाव. "माझा भाचा येईल" हे सकाळी आठ वाजता कळून उपयोग नसतो. त्या भाच्याला जूनच्या आधी एकदा समोर बघा, त्याचा बॅज बघा, आणि मुलालाही त्याचा चेहरा दाखवा. ओळखीचा चेहरा नसेल तर गाडीत बसायचं नाही आणि परत शाळेत बाईंकडे जायचं, हे मुलाला दोन-तीनदा बोलून दाखवायला लावा.

पूर्ण वर्षाचे पैसे एकदम भरू नका, सूट दिली तरी. मधेच गाडी सोडायची वेळ आली तर ते परत मिळवणं फार कठीण जातं.

## टप्पा 6: वर्षात तीनदा पाहणी

जूनमध्ये सगळ्या गाड्या व्यवस्थित असतात. बिघाड पुढे सुरू होतो, म्हणून तारखा आत्ताच कॅलेंडरवर टाका.

जुलैचा तिसरा आठवडा. प्रवेश पूर्ण झालेले असतात, म्हणजे मुलं वाढण्याची हीच वेळ. दुपारी फाटकावर जाऊन पुन्हा डोकी मोजा. पावसात रिक्षाचे पडदे लावले आहेत का आणि व्हॅनचं सरकतं दार आतून नीट बंद होतं का, तेही बघा. मुलाला "कसं चाललंय?" असं विचारू नका, "ठीक" हेच उत्तर येतं. "आज तुझ्या शेजारी कोण बसलं होतं? तू कुठे बसली होतीस?" असं विचारा. पुढे बसली होती की कुणाच्या मांडीवर, ते त्यातूनच कळतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा. चालक बदलण्याची आणि दर वाढवण्याची ही वेळ. विमा आणि फिटनेसच्या तारखा पुन्हा mParivahan मध्ये बघा. न आलेल्या दिवसांची तुमची यादी आत्तापर्यंत किती झाली ते मोजा. आम्ही बससाठी वर्षाला 3 दिवस धरले होते आणि दिवाळीपर्यंतच 2 झाले होते, म्हणून मी वर्षाचे 4 धरले. तुमचा आकडा धरलेल्याच्या दुप्पट निघाला तर व्हॅन-रिक्षाकाकांशी त्याच आठवड्यात बोला, कारण फेब्रुवारीत पर्यायी गाडीत जागा नसते.

जानेवारीचा शेवट. परीक्षेचं वेळापत्रक हातात आलं की लवकर सुटणारे दिवस गाडीवाल्याला लेखी कळवा आणि त्या दिवशी आणायला कोण जाणार ते घरात ठरवा. आमच्या शाळेत चार घरांनी मिळून ते 10 दिवस वाटून घेतले. एका घराच्या वाट्याला दोन-तीन दिवस आले आणि 2,000 चा खर्च पाचशेच्या आसपास आला. पुढच्या वर्षी गाडी बदलायची असेल तर त्याच आठवड्यात सध्याच्या काकांना सांगा, म्हणजे त्यांनाही मार्चमध्ये दुसरं मूल शोधता येईल.

मार्च लागला की वहीचं नवं पान उघडायचं आणि दुपारी पावणेतीनला पुन्हा फाटकावर जाऊन उभं राहायचं.